पॅरासिटामॉल सगळीकडे पोचतं, पण सगळीकडे चालत नाही

अक्कलदाढेने गाल सुजलेला माणूस पॅरासिटामॉलची गोळी घेतो. तासाभरात ठणका कमी होतो, पण गाल होता तेवढाच टम्म राहतो. मग दोन तर्क ऐकू येतात. पहिला असा की गोळी ‘लाइट’ आहे, त्यापेक्षा स्ट्राँग घ्यायला हवी. दुसरा तर्क जरा शिकलेल्यांचा: पॅरासिटामॉल मेंदूत जाऊन काम करतं, दाढेपर्यंत ते पोचतच नाही. पहिला तर्क चुकीचा आहे. दुसरा अर्धा बरोबर आहे, म्हणून तो जास्त फसवतो.

पॅरासिटामॉलचा रेणू लहान असतो, त्यावर विद्युतभार नसतो आणि रक्तातल्या प्रथिनांना तो फारसा चिकटून बसत नाही. त्यामुळे तो रक्तातून सहज बाहेर पडतो आणि मेंदूभोवतीचा अडसरही ओलांडतो. मेंदूत जातो तसाच तो सुजलेल्या हिरडीतही जातो. तिथे जाऊन त्याचं काही चालत नाही, ही खरी गंमत आहे.

आधी तापाचं बघू. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन नावाचे निरोप्या रेणू रक्तात सोडतात. ते मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतात. या अस्तराच्या पेशी मग ‘कॉक्स’ नावाचं विकर तयार करतात आणि त्याच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनतं. हे रसायन शेजारच्या हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींवर जाऊन बसतं, आणि शरीराने राखायचं तापमान ३७ अंशांऐवजी, समजा, ३९ अंशांवर ठरतं. आता ३७ अंशांवर असलेलं शरीर मेंदूला गार वाटू लागतं. म्हणून हुडहुडी भरते, कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं, हातपाय गार पडतात आणि माणूस दोन गोधड्या मागतो. पॅरासिटामॉलने मेंदूतलं प्रोस्टाग्लँडिन घटलं की ठरलेलं तापमान खाली येतं. मग ३९ अंशांचं शरीर मेंदूला फार गरम वाटतं, दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो.

शाळा बुडवायला काखेत कांदा ठेवण्याचा जुना उपाय इथेच निकालात निघतो. तापाचा आकडा काखेत मोजतात, ठरतो मात्र मेंदूत, आणि कांद्याला तिथे जायची वाट नाही. पण याच मुद्द्याची एक गंभीर बाजू आहे. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात कोसळलेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं म्हणून कुणीतरी पॅरासिटामॉल पुढे करतं. उष्माघातात मेंदूने तापमान वर ठरवलेलंच नसतं. शरीराला उष्णता बाहेर टाकणं जमेनासं झालेलं असतं. तिथे प्रोस्टाग्लँडिन घटवून काहीच साधत नाही. अंगावर पाणी मारणं, वारा घालणं आणि लगेच दवाखाना गाठणं, हेच करायचं.

आता त्या कॉक्स विकराकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल यांचा या ना त्या प्रकारे याच विकराशी संबंध येतो. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, आणि प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, फ्लॉवर आणि व्हेन यांनी आणखी एक निरीक्षण मांडलं. प्राण्याच्या मेंदूतून काढलेलं विकर पॅरासिटामॉलने सहज थांबत होतं, प्लीहेतून काढलेलं तितकंसं थांबत नव्हतं. असं का, याचं समाधानकारक रासायनिक उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली.

कॉक्सच्या एकाच रेणूत दोन खोबणी असतात. पहिली खोबण म्हणजे लांबट बोगदा. पेशीच्या आवरणातून सुटलेलं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल त्यात शिरतं, त्याला ऑक्सिजन जोडला जातो आणि एक पेरॉक्साइड तयार होतं. दुसऱ्या खोबणीत हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा लोहाचा अणू धरलेला हीम असतो. तो या पेरॉक्साइडमधला जादा ऑक्सिजन काढून घेतो. तयार झालेल्या रेणूपासून पुढे वेगवेगळी प्रोस्टाग्लँडिन्स बनतात.

पण पहिली खोबण आपणहून सुरू होत नाही. तिच्या तोंडाशी नव्हे, आत खोलवर, टायरोसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतल्याशिवाय ते अ‍ॅराकिडॉनिक आम्लावर काम करू शकत नाही. हा इलेक्ट्रॉन ओढून घेतो दुसऱ्या खोबणीतला हीम, आणि हीमला ती हाव सुटते पेरॉक्साइडशी गाठ पडल्यावरच. म्हणजे पेरॉक्साइड बनवणारं हे यंत्र सुरू व्हायलाही आधी थोडं पेरॉक्साइड लागतं. चूल पेटवायला आधी एखादा निखारा हवा, तसं. एकदा पेटली की ती स्वतःच नवे निखारे तयार करते, पण मधूनमधून विझतेही आणि पुन्हा पेटवावी लागते.

आयब्युप्रोफेन सरळ बोगद्यात जाऊन बसतं. चुलीत लाकूडच जाऊ देत नाही. अ‍ॅस्पिरिन त्या बोगद्यात एक रासायनिक गट कायमचा चिकटवून टाकतं. पॅरासिटामॉल बोगद्याच्या वाटेला जात नाही. ते दुसऱ्या खोबणीतल्या हावऱ्या हीमला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. हीमची भूक भागली की तो टायरोसिनला हात लावत नाही. निखाऱ्यावर पाणी पडतं आणि चूल पेटतच नाही.

आता उत्तर जवळपास हातात आलं. एका निखाऱ्यावर पाणी शिंपडणं सोपं आहे. भोवती निखाऱ्यांचा ढीग असेल, तर तेवढं पाणी कुठे पुरणार? मेंदूतल्या चेतापेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर यांत पेरॉक्साइडचं प्रमाण कमी असतं, म्हणून नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल तिथे भारी पडतं. सुजलेल्या हिरडीत उलट चित्र. तिथे पांढऱ्या पेशी जंतू मारायला हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत असतात. तुटक्याफुटक्या पेशींमधून अ‍ॅराकिडॉनिक आम्लाचा लोंढा येत असतो, त्यामुळे कॉक्सचं स्वतःचं पेरॉक्साइडही भरपूर असतं. पॅरासिटामॉलने एक हीम शांत केला, तर पुढच्या क्षणी नवं पेरॉक्साइड त्याला पुन्हा चेतवतं. रक्तवाहिन्या रुंद होत राहतात, त्यांतून पाणी पाझरत राहतं आणि गाल सुजलेलाच राहतो. २००२ मध्ये बुटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींवर हेच तपासलं. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी पॅरासिटामॉलच्या कमी मात्रेला दबल्या, पण पेरॉक्साइडची रेलचेल असलेल्या रक्तबिंबिकांसाठी, म्हणजे प्लेटलेट्ससाठी, अनेक पट जास्त औषध लागलं.

रक्तबिंबिकांचा हा हट्ट आपल्या पथ्यावर पडतो. पॅरासिटामॉल त्यांना फारसं अडवत नाही म्हणून रक्त गोठण्याची क्रिया बहुतांशी शाबूत राहते. पावसाळ्यात डेंग्यूच्या संशयित रुग्णाला डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात आणि अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायला सांगतात, ते याचसाठी. त्या आजारात प्लेटलेट्स आधीच घटत असतात.

औषध सूज उतरवतं की नाही हे माणसांत मोजायचं कसं? १९६७ मध्ये बोर्डमन आणि हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी त्यासाठी सराफाकडची अंगठ्यांची मापं वापरली. संधिवाताने सुजलेल्या बोटांच्या सांध्यांवरून कोणती कडी जाते आणि कोणती अडकते, हे औषधाआधी आणि औषधानंतर पाहायचं. मोठ्या मात्रेतल्या अ‍ॅस्पिरिनने सांधे बारीक झाले. पॅरासिटामॉलने मापात फरक पडला नाही. म्हणून पॅरासिटामॉलचा परिणाम शून्य म्हणायचा का? तसंही नाही. दाढ काढल्यानंतरच्या सुजेवर ते थोडंफार चालतं, असं काही चाचण्यांत दिसलंय. मेंदूत ‘चालू’ आणि बाहेर ‘बंद’ अशी सरळ रेघ इथे नाही. जिथे पेरॉक्साइड कमी, तिथे परिणाम जास्त, एवढाच नियम.

वेदनेची गोष्ट मात्र कॉक्सवर संपत नाही. दुखापतीनंतर मज्जारज्जूतही प्रोस्टाग्लँडिन वाढतं आणि वेदनेचा संदेश मोठा होऊन मेंदूकडे जातो. तो पॅरासिटामॉलने लहान होतो, इथपर्यंत ठीक. पण २००५ मध्ये स्वीडनमधल्या होगेस्टाट आणि झिगमुंट यांच्या गटाने दुसरी वाट दाखवली. यकृतात पॅरासिटामॉलचा थोडा भाग पॅरा-अमिनोफिनॉलमध्ये बदलतो. तो मेंदूत आणि मज्जारज्जूत गेला की तिथलं एक विकर त्याला अ‍ॅराकिडॉनिक आम्ल जोडतं आणि ‘एएम४०४’ नावाचा नवा रेणू तयार होतो. मिरचीचा तिखटपणा चेतापेशीवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाणवतो, नेमका तोच ग्राहक हा रेणू मेंदूत चेतवतो. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यातून मेंदूकडून खाली मज्जारज्जूकडे जाणारे, वेदना दाबणारे संदेश वाढतात. ज्या उंदरांत ते विकर किंवा तो ग्राहक नाही, त्यांच्यावर पॅरासिटामॉलचा वेदनाशामक परिणाम दिसत नाही. खाली जाणाऱ्या या संदेशांत सेरोटोनिनही भाग घेतं. निरोगी माणसांना सेरोटोनिनचा एक ग्राहक अडवणारं उलटीवरचं औषध सोबत दिलं, तेव्हा पॅरासिटामॉलचा वेदनाशामक परिणाम पुसला गेला.

या विषयात ‘कोडं सुटलं’ छापाच्या बातम्यांची कमी नाही. २००२ मध्ये कुत्र्याच्या मेंदूत ‘कॉक्स-३’ हा कॉक्सचा नवा प्रकार सापडला आणि पॅरासिटामॉलचं खास लक्ष्य मिळालं असा गाजावाजा झाला. माणसात तो प्रकार बनवणाऱ्या जनुकाचं वाचनच सरकतं आणि कामाचं कॉक्स तयार होत नाही, हे कळल्यावर तो आवाज बसला. २०२५ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी एएम४०४ मेंदूबाहेरच्या वेदनाचेतांमधले सोडियमचे मार्गही बंद करतं असं दाखवलं, आणि लगेच मेंदूचं स्पष्टीकरण खोटं ठरल्याचे मथळे आले. त्या प्रयोगांनी वेदनेच्या हिशोबात मेंदूबाहेरचा एक वाटा जोडला. तापाचा हिशोब त्याने बदलत नाही, आणि सूज उतरवण्याशी तर सोडियमच्या मार्गांचा संबंधच नाही.

दंतवैद्य अक्कलदाढेसाठी आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र लिहून देतात, त्यात एकाच कामासाठी दोन औषधं दिलेली नसतात. आयब्युप्रोफेन आम्लधर्मी असल्यामुळे दाह झालेल्या आम्लधर्मी ऊतीत साठतं आणि तिथला बोगदा बंद करतं. मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवरचं दुखणं पॅरासिटामॉल सांभाळतं. दोन वाटांनी आराम मिळतो, म्हणून एकाच औषधाची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा हे बरं. सूज उतरेना म्हणून पॅरासिटामॉलच्याच गोळ्या वाढवल्या, तर हिरडीतल्या पेरॉक्साइडपुढे त्या तोकड्याच पडतात. यकृताला मात्र त्यांचा पुरता मार बसतो. धडधाकट प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. दारू पिणाऱ्यांना, यकृताचा आजार असलेल्यांना आणि वजनाने कमी असलेल्यांना त्याहूनही कमी. या मोजणीत सर्दीच्या गोळीतलं आणि डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅकसोबत मिसळलेलं पॅरासिटामॉलही धरायचं असतं. ते पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं.