'एव्हरीवन इज', पण 'दे आर': एकाच वाक्यात दोन वचनं

'क्वेश्चन टॅग' शिकताना हे वाक्य भेटतं: "एव्हरीवन इज हिअर, आरन्ट दे?" स्वल्पविरामाच्या अलीकडे एकवचनी 'इज', पलीकडे अनेकवचनी 'आर', आणि माणसं तीच. छापण्यात चूक झाली असावी असं वाटतं. चूक नाही. क्रियापद शब्दाच्या रूपाकडे पाहतं, मागून येणारं सर्वनाम अर्थाकडे.

एव्हरीवन, समबडी, नोबडी यांच्या पोटात 'वन' किंवा 'बडी' आहे, आणि दोन्ही एकवचनी. म्हणून 'एव्हरीवन हॅज', 'नोबडी नोज'. आपण घसरतो ते मराठीमुळे. 'एव्हरीवन' ऐकलं की मनात 'सगळे' येतं आणि 'सगळे आलेत'च्या ओघात 'एव्हरीवन हॅव कम' निघून जातं. त्याजागी 'प्रत्येक जण आला आहे' मनात धरा, 'हॅज' आपसूक येईल.

आता सर्वनाम. "समबडी हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला." छत्री एकाच माणसाची, पण तो पुरुष की बाई, ठाऊक नाही. मराठी इथे अडत नाही. 'कोणीतरी आपली छत्री विसरलंय' यातल्या 'आपली'चं लिंग छत्रीवरून ठरतं, मालकावरून नाही. इंग्रजीत मात्र 'हिज' की 'हर' ते ठरवावं लागतं. तिथे 'हिज'च वापरा, हा आग्रह मुख्यतः 18व्या शतकापासूनच्या व्याकरणकारांचा. एकट्या माणसासाठी 'दे' त्याहून जुना आहे, 14व्या शतकापासून लेखनात सापडतो.

'हिज'चा नियम कुठे मोडतो ते पाहायचं तर हे वाक्य घ्या: "एव्हरीबडी क्लॅप्ड, सो आय थँक्ड हिम." टाळ्या साऱ्या सभागृहाने वाजवल्या आणि आभार कुणा एकाचेच मानले, असा अर्थ झाला! इथे 'देम'ला पर्यायच नाही. टॅगमध्येही म्हणूनच 'दे'.

'दे' एकासाठी आला तरी त्याचं क्रियापद अनेकवचनीच राहतं: "समवन इज अ‍ॅट द डोअर. दे आर रिंगिंग द बेल." 'दे इज' होत नाही. आपल्याला हे परकं वाटू नये. सर एकच असतात, तरी आपण 'ते आलेत' म्हणतो. इंग्रजीतला 'यू'सुद्धा एका माणसाला 'आर'च घेतो.

स्वतःला 'ही' किंवा 'शी' न म्हणवणाऱ्या, नावाने ओळखीच्या व्यक्तीसाठीही आज 'दे' वापरतात: "सॅम इज लेट, दे आर स्टक इन ट्रॅफिक." नावाला 'इज', सर्वनामाला 'आर'. हा अर्थ मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने 2019 मध्ये नोंदवला.

परीक्षेत 'एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग ___ बुक' असं आलं आणि पर्यायांत 'हिज' आणि 'देअर' दोन्ही असले, तर जुन्या धाटणीच्या उत्तरसूचीत 'हिज' असण्याची शक्यता धरा. स्वतः लिहिताना मात्र 'ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर बुक्स' लिहिलं की कोणाचीच हरकत उरत नाही.