रुपया वधारणे आणि आखातातून घरी येणारा पैसा

रुपया वधारला की परदेशी चलनात पाठवलेल्या तेवढ्याच रकमेचे घरी कमी रुपये होतात. कामगाराचा पगार तिकडे दिरहमात किंवा रियालात ठरलेला असतो आणि घरचा खर्च इकडे रुपयात चालतो. मराठवाड्यात परभणी, नांदेड, बीड, छत्रपती संभाजीनगर अशा जिल्ह्यांतून आखाती देशांत गेलेल्यांच्या घरी हा फरक थेट जाणवतो. याच भागातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांनाही घर सोडावे लागते, पण त्यांची उचल आणि मजुरी रुपयातच असल्याने विनिमय दराचा त्यांच्या हिशेबाशी संबंध येत नाही.

दराच्या बातमीत हमखास एक घोटाळा होतो. डॉलर ६८ रुपयांवरून ६१ रुपयांवर आला, तर आकडा उतरलेला दिसतो, पण रुपया वधारलेला असतो. एक डॉलर घ्यायला आता कमी रुपये लागतात. आखातातल्या कामगाराने डॉलरकडे का पाहावे, याचे कारण तिथल्या चलनांत आहे. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, तर सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ या दराने. त्यामुळे रुपया आणि डॉलर यांच्यात जे घडते, तेच रुपया आणि दिरहम यांच्यात घडते. दुबईतल्या बाजारात काहीही न बदलता गावाकडचे पैसे कमी होऊ शकतात.

२०१३ साली हे फार थोड्या काळात दिसले. २८ ऑगस्टला डॉलर सुमारे ६८.८० रुपयांपर्यंत चढला होता, म्हणजे दिरहम १८.७३ रुपयांना पडत होता. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना बाजाराबाहेरून डॉलर पुरवले आणि परदेशस्थ भारतीयांच्या डॉलर ठेवी बँकांकडे याव्यात म्हणून सवलतीची योजना आणली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनेही रोखेखरेदी लगेच कमी न करण्याचे १८ सप्टेंबरला जाहीर केले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत डॉलर ६१.५० च्या आसपास आला आणि दिरहम १६.७५ रुपयांवर. महिन्याला १,००० दिरहम पाठवणाऱ्याच्या घरी १८,७३० ऐवजी १६,७५० रुपये पोचू लागले. काम तेच, तास तेच, आणि घरात महिन्याला जवळपास दोन हजार रुपये कमी.

खरी ओढाताण कर्जात होते. समजा व्हिसा, एजंट आणि तिकिटासाठी गावात दीड लाख रुपये उचललेले आहेत. १८.७३ च्या दराने ते फेडायला सुमारे ८,०१० दिरहम लागतात, १६.७५ च्या दराने ८,९५५. व्याज बाजूला ठेवले तरी फरक ९४५ दिरहमांचा, म्हणजे जवळजवळ एका महिन्याच्या बचतीचा. सावकाराचा आकडा रुपयात लिहिलेला असल्यामुळे तो दराबरोबर हलत नाही. मुलांची फी, गवंड्याची मजुरी, किराणा दुकानाची उधारीही हलत नाही. रुपया बळकट झाला की आयात स्वस्त होते हे खरे, पण तो फायदा सगळ्या देशात पसरतो आणि या घराच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. ज्या घरातला एकजण आखातात आहे, त्याच घराच्या रानात अनेकदा सोयाबीन किंवा कापूस असतो. वधारलेल्या रुपयात बाहेरून येणारे पामतेल आणि सोयातेल स्वस्त पडते, त्यामुळे सोयाबीनच्या भावावर दाब येतो. कापसाच्या निर्यातदारालाही डॉलरचे कमी रुपये मिळतात. जागतिक भाव चढले किंवा आयात शुल्क वाढले, तर हा परिणाम झाकला जातो. तसे झाले नाही, तर घराची दोन्ही उत्पन्ने एकाच वेळी उतरतात. शेतीला आधार म्हणून परदेशात माणूस पाठवणाऱ्या घराने हे आधी लक्षात घ्यायला हवे, असे प्रस्तुत लेखकाला कळकळीने वाटते.

पैसे कमी आले म्हणजे दोष दरवेळी रुपयाचाच असतो असे नाही. बँकेच्या संदेशात फक्त जमा झालेले रुपये दिसतात, म्हणून एक्स्चेंज हाऊसची पावती मागवावी. तिच्यावर दिलेले दिरहम, लावलेला दर आणि शुल्क वेगळे लिहिलेले असते. त्या दिवशीच्या डॉलरच्या दराला ३.६७२५ ने भागले की दिरहमाचा बाजारभाव निघतो. डॉलर ६१.५० असताना तो १६.७५ येतो. पावतीवर १६.६५ असेल, तर दिरहमामागे दहा पैसे त्या एक्स्चेंजच्या दुकानाने ठेवले आणि बाकीची घट रुपया वधारल्याची आहे. पावतीवर १६.२० असेल, तर हजार दिरहमांमागे ५५० रुपये दुकानाकडेच राहिले. अशा वेळी पुढच्या खेपेला दुसरे दुकान पाहावे.

दर सुधारेपर्यंत पैसे तिकडेच थांबवण्याचा मार्ग काहीजण धरतात. अनेक वर्षांच्या हिशेबात रुपया डॉलरपुढे घसरतच आला आहे, त्यामुळे कधी हे साधते. पण गावात शेकडा तीन रुपये महिन्याच्या व्याजाचे कर्ज असेल, तर तीन महिने थांबल्याने नऊ टक्के व्याज चढते आणि दर तेवढा सुधारेलच असे नसते.