‘चर्चा करा’ आणि ‘मूल्यमापन करा’: एकच उत्तर दोन्हीकडे चालत नाही

मुख्य परीक्षेच्या सरावाच्या उत्तरपत्रिका मी बरीच वर्षं तपासतो आहे. इतिहासाच्या पेपरात एक घोटाळा दर आठवड्याला दिसतो. प्रश्नात ‘चर्चा करा’ असो की ‘मूल्यमापन करा’, उत्तर एकच येतं: पार्श्वभूमी, कारणं, घटनाक्रम, परिणाम आणि शेवटी ‘अशा प्रकारे ही घटना महत्त्वाची ठरते’. माहिती चूक नसते, पण गुण निम्मेच मिळतात. मग मुलं पुन्हा माहितीच वाढवत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यांना पाठ असलेला एकच विषय घेऊन बोलू: 1875 चे दख्खनचे दंगे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले, जाळले. पुढे हे लोण नगर जिल्ह्यात गेलं. एवढं सगळ्यांना येतं, म्हणून ते इथेच सोडतो.

‘कारणमीमांसा करा’ हा शब्द सोपा आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. इंग्रजी पेपरात ‘अकाउंट फॉर’ असतं. त्याचा अर्थ हकिगत सांगा असा नाही, हे असं का घडलं ते सांगा असा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. 1865 मध्ये युद्ध संपलं, पुढे भाव पडले, कर्ज मिळेनासं झालं आणि त्याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला. ही कारणं एकाखाली एक लिहिली तर ती यादी होते. मीमांसा व्हायची तर ती एकमेकांत अडकवावी लागतात. उदाहरणार्थ, लोकांनी मुख्यतः कागदच का जाळले? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरला जाऊ लागला. हेतू व्याज साचू नये हा होता. सावकार मात्र दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून धरू लागला. अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचं कर्ज त्या कागदावरच फुगत होतं. कारण आणि घटना अशी जोडली की कारणमीमांसा झाली.

आता खरा गोंधळ. चर्चा आणि मूल्यमापन.

चर्चेच्या प्रश्नात एक विधान किंवा एक वादाचा मुद्दा असतो, उघड किंवा दडलेला. समजा प्रश्न आहे: ‘दख्खनचे दंगे सावकारांविरुद्ध होते, सरकारविरुद्ध नव्हते. चर्चा करा.’ इथे तुम्हाला घटना सांगायची नाही, वाद मांडायचा आहे. विधानाच्या बाजूने बोलायला भरपूर आहे: रोष वह्यांवर आणि रोख्यांवर होता, सरकारी कचेऱ्या हे लक्ष्य नव्हतं. सरकारने नेमलेल्या आयोगानेही साऱ्याला दोष न देता सावकाराकडेच बोट दाखवलं. पण दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे. शेतकरी सावकाराच्या दारात गेला तोच मुळी सारा रोखीत भरायचा म्हणून, आणि त्याची जमीन सावकाराला मिळवून देणारा हुकूमनामा सरकारच्याच कोर्टातून येत होता. शिवाय आयोग सरकारचाच होता, म्हणजे आपल्याच साऱ्याची चौकशी त्याने केली, हेही तोलायला हवं. तिसरं मत नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराचं: या दंग्यांचा व्याप आणि महत्त्व फुगवून सांगितलं गेलं. चर्चेचं उत्तर म्हणजे ही मतं एकमेकांसमोर उभी करणं आणि प्रत्येकाला पुराव्याने प्रश्न विचारणं. शेवटी कल कुठे झुकतो हे सांगावं, मी तर सांगाच म्हणतो. मात्र गुण मुख्यतः या उलटतपासणीला मिळतात.

मूल्यमापनाला माप लागतं. नव्वद टक्के उत्तरं पडतात ती इथेच, कारण माप कुठे लिहिलेलंच नसतं. प्रश्न घ्या: ‘1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याचं मूल्यमापन करा.’ नेहमीचं उत्तर असं असतं: कायद्याच्या तरतुदी, मग ‘फायदे’, मग ‘मर्यादा’, शेवटी ‘कायद्याचे परिणाम संमिश्र होते’. ‘संमिश्र’ हा शब्द दिसला की मी समासात लिहितो: कशाच्या मानाने?

आधी माप ठरवा. कायद्याचा हेतू शेतकऱ्याला कर्जाच्या कचाट्यातून सोडवणं हा होता, असं धरलं तर तरतुदी त्या मापावर ठेवून पाहा. कोर्टाला रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. या मापावर ही खरी मिळकत आहे, कारण 1859 च्या कायद्यानंतरची फसवणूक नेमकी कागदाच्या आड चालायची. पण सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, परतीचा करार तोंडी ठेवला. म्हणजे जमीन वाचवण्याच्या मापावर कायदा बराच कमी पडला. आणि शेतसाऱ्याला तर त्याने हातच लावला नाही, म्हणजे कर्ज काढायला लावणारं कारण तसंच राहिलं.

आता निकाल: ‘कायद्याने शेतकऱ्याला कोर्टातल्या अन्यायापासून बऱ्यापैकी संरक्षण दिलं, कर्जाच्या मुळापासून मात्र दिलं नाही.’ यात किती आणि कशात, दोन्ही आहे. मी तर हा निकाल पहिल्याच वाक्यात लिहायला सांगतो. तपासणाऱ्याला शेवटपर्यंत वाट पाहायला लावायचं कारण नाही, आणि तुम्हालाही पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याला टेकवता येतो.

फरक पडताळायची एक साधी युक्ती आहे. उत्तर लिहून झालं की प्रश्न झाकून मित्राला वाचायला द्या. ‘यात कोणकोण भांडतंय?’ याचं उत्तर त्याला सापडलं तर चर्चा झाली. ‘हे कशाने मोजलं आणि किती भरलं?’ याचं सापडलं तर मूल्यमापन. दोन्ही सापडलं नाही, तर तुम्ही टीप लिहिली आहे.

‘समीक्षात्मक’ हा शब्द पुढे आला म्हणून घाबरू नका. ‘समीक्षात्मक चर्चा’ म्हणजे मतं मांडून थांबू नका, कोणतं कुठे लंगडं पडतं ते दाखवा. आयोगाच्या अहवालाबद्दल वर केलं तसं.

‘तुलना करा’ मध्ये मात्र एक सवय मला अजिबात सहन होत नाही: अर्धं पान दख्खनच्या दंग्यांवर, अर्धं बंगालच्या 1859–60 च्या निळीच्या उठावावर, आणि मधे ‘याउलट’. ती दोन उत्तरं झाली. मुद्दा आधी घ्या, दोन्ही घटना त्याखाली आणा. राग कोणावर? तिकडे मुख्यतः युरोपीय मळेवाल्यांवर, इकडे सावकारावर. हत्यार काय? तिकडे नीळ पेरायला नकार, इकडे वही जाळणं. मग एकाच ओळीत कारण जोडा: तिकडे बंधन पिकाचं होतं, म्हणून पीक नाकारलं, इकडे बंधन कागदाचं होतं, म्हणून कागद जाळला.