व्हीआरएफ की पाण्यावरचा चिलर: तीस वर्षांचा खर्च मांडताना
(कार्यालयीन इमारतींच्या मालकांसाठी व व्यवस्थापन समित्यांसाठी माहितीपत्रक)

वातानुकूलनाची निविदा उघडली की बहुतेक समित्यांची नजर तळाच्या रकमेवर जाते आणि ज्याची रक्कम कमी, त्याच्याकडे काम जाते. इमारतीच्या आयुष्यात मात्र ही रक्कम एकूण खर्चाचा फार लहान भाग असते. खाली मांडलेल्या उदाहरणात ती जेमतेम ११ ते १६ टक्के आहे. उरलेला सगळा पैसा विजेला, पाण्याला, देखभालीला आणि यंत्रे बदलायला लागतो. त्यामुळे आम्ही आमच्या ग्राहकांना दोन्ही पर्यायांचा तीस वर्षांचा हिशेब एकाच पायावर मांडून देतो. तो कसा मांडला जातो आणि मुंबईत त्याचे पारडे कशामुळे फिरते, एवढेच या पत्रकात सांगितले आहे.

उदाहरणाची इमारत

अंधेरीतील एक कार्यालयीन इमारत घेऊ. वापर एकाच कंपनीचा, माणसे सुमारे ६००, शीतकरणाची गरज ३०० टन. वर्षाकाठी २९० दिवस यंत्रणा चालते, पण रोज पूर्ण भार नसतो. पूर्ण भाराच्या हिशेबात बदलले तर वर्षाला १,८०० तास भरतात. म्हणजे दोन्ही यंत्रणांनी वर्षाला ५ लाख ४० हजार टन-तास एवढे शीतकरण द्यायचे आहे.

पहिला पर्याय व्हीआरएफ. यात गच्चीवर बाहेरची युनिट असतात, त्यांतून निघालेल्या तांब्याच्या नळ्या मजल्यामजल्यावर जातात आणि खोलीखोलीत आतली युनिट बसतात. दुसरा पर्याय पाण्यावरचा चिलर. यात तळघरात चिलर व पंप, गच्चीवर कूलिंग टॉवर आणि प्रत्येक मजल्यावर हवा थंड करून पुढे ढकलणारे एएचयू व डक्ट असतात. व्हीआरएफ उष्णता थेट हवेत सोडतो. चिलर ती टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून सोडतो. पुढचा सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो.

आकडे उदाहरणापुरते गृहीत धरलेले आहेत, आपल्या इमारतीसाठी ते मोजूनच घ्यावे लागतील. उभारणीचा खर्च व्हीआरएफसाठी १ कोटी ६५ लाख आणि चिलरसाठी २ कोटी २५ लाख धरला आहे. आतले पंखे, पंप, टॉवर असे सर्व धरून व्हीआरएफला एका टन-तासाला सरासरी १.१ युनिट वीज लागते आणि चिलर यंत्रणेला ०.९५ युनिट. वीज १२ रुपये युनिट धरली, तर वर्षाचे बिल अनुक्रमे ७१.३ लाख आणि ६१.६ लाख होते.

हा फरक काहींना कमी वाटेल, कारण नुसत्या चिलरचा आकडा ०.६ च्या आसपास सांगितला जातो आणि तीच तुलना पुढे केली जाते. पंप, टॉवरचा पंखा आणि एएचयू धरल्याशिवाय ती तुलना न्याय्य होत नाही. शिवाय टॉवर पाण्याला हवेच्या आर्द्र तापमानाच्या, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेली तापमापी दाखवते त्या तापमानाच्या, खाली नेऊच शकत नाही, आणि मुंबईत दमट दिवसांत ते २८ अंशांच्या घरात असते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या यंत्रणेला जेवढा लाभ होतो, तेवढा तो इथे होत नाही.

पुढचे पैसे आजच्या मोलात

पंधराव्या वर्षी द्यायचा रुपया आणि आज द्यायचा रुपया यांची सरळ बेरीज करता येत नाही. आम्ही सर्व किमती आजच्या दराने धरतो, महागाई बाजूला ठेवतो आणि वर्षाला ५ टक्क्यांनी पुढचे पैसे आजच्या मोलात आणतो. या दराने पंधरा वर्षांनंतरचे १०० रुपये आजचे ४८ होतात, वीस वर्षांनंतरचे ३८. तीस वर्षे दरवर्षी येणाऱ्या खर्चाला १५.३७ ने गुणले की त्याचे आजचे मोल मिळते.

आता यंत्रे बदलण्याचा भाग. व्हीआरएफचे आयुष्य आम्ही १५ वर्षे धरतो. त्या वेळी फक्त बाहेरची युनिट बदलून भागेल अशी अपेक्षा ठेवू नये. पंधरा वर्षांनी बाजारात आलेले नवे बाहेरचे युनिट जुन्या आतल्या युनिटांशी जुळेलच याची खात्री नसते, आणि यंत्रात थंडावा निर्माण करणारा वायू बदलला असेल तर नळ्यांचाही प्रश्न येतो. म्हणून १ कोटी ४० लाखांचा बदल धरला आहे. चिलर यंत्रणा एकदम न मरता तुकड्यातुकड्याने जुनी होते: पंधराव्या वर्षी टॉवर व नियंत्रण पॅनेल (१८ लाख), विसाव्या वर्षी पंप व एएचयू (६० लाख), पंचविसाव्या वर्षी चिलर (८० लाख). पण तिसावे वर्ष संपताना तो नवा चिलर पाचच वर्षांचा असतो आणि पंप व एएचयू दहा वर्षांचे. त्यांचे उरलेले मोल हिशेबातून वजा केले नाही, तर चिलरवर अन्याय होतो. हे वजा न केलेले तक्ते आमच्या पाहण्यात वारंवार येतात, म्हणून तक्ता हाती आला की प्रथम हीच ओळ शोधावी.

देखभालीसाठी व्हीआरएफला वर्षाला ९ लाख आणि चिलरला १२ लाख धरले आहेत; चिलरच्या रकमेत ऑपरेटरचा पगार आणि टॉवरच्या पाण्याची रसायने आली.

| बाब (आजच्या मोलात, लाख रुपये) | व्हीआरएफ | चिलर |
|---|---|---|
| उभारणी | १६५ | २२५ |
| वीज | १,०९६ | ९४६ |
| देखभाल | १३८ | १८४ |
| बदल, उरलेले मोल वजा करून | ६७ | ३३ |
| पाण्याआधीची बेरीज | १,४६६ | १,३८८ |

पाणी धरण्याआधी चिलर ७८ लाखांनी स्वस्त दिसतो. बरीच माहितीपत्रके इथेच थांबतात.

पाणी

टॉवरमध्ये एका टन-तासामागे सुमारे ६ लिटर पाण्याची वाफ होते. वाफ शुद्ध पाण्याची होते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे साचलेले खारट पाणी अधूनमधून सोडून द्यावे लागते. त्याचे आणखी २ लिटर धरावेत. म्हणजे ५ लाख ४० हजार टन-तासांना वर्षाला ४३ लाख २० हजार लिटर, कामाच्या दिवसाला सरासरी १५ हजार लिटर पाणी लागते.

हे पाणी कोठून येते, यावर निकाल बदलतो. सगळे पाणी टँकरने, हजार लिटरला २०० रुपयांनी घेतले, तर तीस वर्षांत आजच्या मोलाचे १३३ लाख जातात आणि चिलरची बेरीज १,५२१ लाख होते; तो व्हीआरएफपेक्षा ५५ लाखांनी महाग पडतो. इमारतीच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी ४० रुपयांत मिळाले, तर पाण्याचे २७ लाखच होतात आणि चिलर ५१ लाखांनी स्वस्त राहतो. दोन्ही पर्याय समान होतात ते हजार लिटरला सुमारे ११७ रुपये या दराला.

आता प्रक्रिया केंद्राचे पाणी पुरते का, ते पाहू. ६०० माणसे, माणशी ४५ लिटर, म्हणजे दिवसाला २७ हजार लिटर वापर. त्यातले ८५ टक्के सांडपाणी होऊन परत येते असे धरले, तर २३ हजार लिटर मिळतात. त्यातील माणशी २० लिटर शौचालयांच्या फ्लशला लागतात. टॉवरसाठी ११ हजार उरतात. गरज १५ हजारांची आहे. उरलेले ४ हजार टँकरने आणले, तर सरासरी दर ८३ रुपये पडतो. चिलर अजूनही स्वस्त आहे, पण फक्त २३ लाखांनी. साडेचौदा कोटींच्या हिशेबात हा फरक दोन टक्क्यांहूनही कमी आहे आणि एवढ्या अंतरावरून आम्ही कोणालाही ठाम सल्ला देत नाही.

आणखी एक अडचण वर्षाच्या सरासरीत दिसत नाही. टॉवरला सर्वाधिक पाणी एप्रिल-मेमध्ये लागते, आणि तलावांचा साठा तळाला जाऊन पाणीकपातीची वेळ येते तीही त्याच सुमारास. त्या दोन महिन्यांसाठी टाकीची क्षमता व टँकरची सोय वेगळी तपासावी. प्रक्रिया केलेले पाणीही तसेच टॉवरला देता येत नाही. त्यातला अमोनिया राहिला तर चिलरच्या तांब्याच्या नळ्यांना मारतो, म्हणून गाळणीनंतरची प्रक्रिया आणि नियमित तपासणी त्या ४० रुपयांत धरलेली असली पाहिजे.

खारी हवा

पाणी चिलरचा हिशेब बिघडवते, तसा समुद्र व्हीआरएफचा बिघडवतो. वर्सोवा किंवा वरळीसारख्या समुद्रासमोरच्या गच्चीवर बाहेरच्या युनिटची जाळी काही वर्षांनी जवळून पाहावी. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर पांढरी भुकटी धरलेली दिसते, आणि बोट लावले की पात्याची कड चुरा होऊन गळते. पाती गेली की उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो आणि थंडावा तेवढाच असूनही बिल वाढते. पातीवर कारखान्यातच संरक्षक लेप असणे आणि गोड्या पाण्याने ती नियमित धुणे यांनी आयुष्य वाढते, तरी अशा ठिकाणी आम्ही १५ ऐवजी १० वर्षे धरून हिशेब करतो. मग दहाव्या आणि विसाव्या वर्षी असे दोन बदल येतात, व्हीआरएफची बेरीज ७१ लाखांनी वाढून १,५३७ लाख होते आणि समान होण्याचा पाण्याचा दर ११७ वरून २२५ रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे समुद्रकिनारी सगळे पाणी टँकरचे असले तरी चिलर किंचित स्वस्त पडू शकतो.

चिलरची बचत कोठे गळते

चिलरची वीज-बचत नळ्या स्वच्छ राहिल्या तरच टिकते. पाण्यातला क्षार कंडेन्सरच्या नळ्यांत बसला की वायूचे घनीभवन तापमान चढते आणि प्रत्येक अंशामागे चिलरची वीज २ ते ३ टक्क्यांनी वाढते. तीन अंशांची चढ म्हणजे आपल्या उदाहरणात वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे व्हीआरएफच्या तुलनेत मिळणाऱ्या वीज-बचतीतला चौथा हिस्साच. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. चिलरच्या पडद्यावर घनीभवनाचे तापमान आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान दोन्ही दिसतात. साधारण सारख्याच भारावर त्यांतला फरक ऑपरेटरने रोज लॉगबुकात लिहावा. स्वच्छ नळ्यांत तो एक-दोन अंश असतो. तो चारकडे सरकू लागला की नळ्या ब्रशने साफ करून घ्याव्यात आणि पाण्याच्या रसायनांच्या ठेकेदाराकडे खुलासा मागावा.

हा हिशेब कोठे लागू होत नाही

इमारतीत अनेक भाडेकरू असतील, प्रत्येकाचे वीजबिल वेगळे असेल आणि एखादे कार्यालय रात्रभर चालत असेल, तर वरची तुलना जशीच्या तशी वापरू नये. एका मजल्यासाठी मध्यरात्री चिलर, पंप आणि टॉवर चालवले, तर ०.९५ हा आकडा राहत नाही. तिथे व्हीआरएफ बहुधा सरस ठरतो. वायूचाही विचार हवा. किगाली करारानुसार भारतात अशा यंत्रांतल्या एचएफसी वायूंचा वापर २०२८ पासून गोठवला जाईल आणि २०३२ ते २०४७ या काळात टप्प्याटप्प्याने ८५ टक्क्यांनी कमी होईल. व्हीआरएफमध्ये वायू इमारतभर पसरलेल्या नळ्यांत आणि शेकडो सांध्यांत असतो, चिलरमध्ये तो एका यंत्रात असतो. गळती झाल्यास भरण्याचा खर्च पुढे कोणाला जास्त बोचेल, ते यावरून लक्षात येईल.

आपल्या इमारतीचा असा तक्ता हवा असल्यास पाहणीच्या दिवशी मागच्या बारा महिन्यांची वीजबिले, टँकरच्या पावत्या, प्रक्रिया केंद्राची रोजची नोंदवही आणि सध्याच्या यंत्रणेचा वार्षिक देखभाल करार काढून ठेवावा. टँकरच्या पावत्या महिन्यावार लावलेल्या असतील तर उत्तम, कारण मेचा आकडा आम्हाला वर्षाच्या सरासरीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.