शून्य ट्रॅकिंग एरर, तरी एक टक्का गायब

शेअर निर्देशांकाची हुबेहूब नक्कल करणारा इंडेक्स फंड निवडताना बरेच जण ट्रॅकिंग एररचा आकडा पाहतात आणि सर्वांत कमी आकड्याचा फंड उचलतात. पण हा आकडा एक गोष्ट मुळीच मोजत नाही: फंड निर्देशांकाच्या किती मागे पडला.

निफ्टी ५० चा फंड घेऊ. त्याची तुलना निफ्टी ५० टीआरआयशी होते, म्हणजे लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून काढलेल्या निर्देशांकाशी. रोज फंडाच्या परताव्यातून निर्देशांकाचा परतावा वजा करायचा. वर्षाला साधारण २५० कामकाजाचे दिवस, तितके फरक मिळतात. या फरकांचे प्रमाण विचलन काढून २५० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १५.८ ने गुणले की वार्षिक ट्रॅकिंग एरर मिळते. प्रमाण विचलन म्हणजे आकडे आपल्या सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप. सरासरी स्वतः कुठे आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मेख इथेच आहे.

समजा, ‘क’ फंड रोज न चुकता ०.००४ टक्क्याने मागे पडतो. सगळे फरक सारखेच, म्हणून विचलन शून्य आणि ट्रॅकिंग एररही शून्य. वर्षअखेर मात्र गुंतवणूकदाराचा जवळपास एक टक्का गेलेला असतो. ‘ख’ फंड एक दिवस ०.०३ टक्क्याने पुढे, दुसऱ्या दिवशी तेवढाच मागे. त्याची ट्रॅकिंग एरर ०.४७ टक्के दिसते, पण वर्षाचा हिशेब शून्यावर येतो. तक्त्यात ‘क’ वर, ‘ख’ खाली! फंडाचा खर्च रोज थोडाथोडा एकाच गतीने कापला जातो, त्यामुळे तो ‘क’सारखाच ट्रॅकिंग एररच्या नजरेतून निसटतो. वर्षाचा निव्वळ फरक दाखवणारा आकडा वेगळा, त्याला ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात. मे २०२२ च्या परिपत्रकाने सेबीने फंडांना हे दोन्ही आकडे जाहीर करायला लावले. शेअर निर्देशांकांच्या फंडांसाठी एका वर्षाच्या ट्रॅकिंग एररवर दोन टक्क्यांची मर्यादाही घातली. चांगल्या निफ्टी फंडांची एरर याच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे त्यांच्यातली निवड करायला ही मर्यादा फारशी उपयोगाची नाही.

मग ट्रॅकिंग एरर काय पकडते? हलगर्जी आणि अडचणी. शेअरच्या भावातून लाभांश वजा होतो त्या, म्हणजे एक्स-डिव्हिडंडच्या दिवशीच तो गुंतवला असे टीआरआय मानतो. फंडाच्या हाती पैसे नंतर पडतात. निर्देशांकातला शेअर बदलतो तेव्हा निर्देशांक बंद भावाला कागदावर बदलतो, फंडाला बाजारात जाऊन गिऱ्हाईक शोधावे लागते. रिलायन्समधून वेगळी झालेली जिओ फायनान्शियल २०२३ च्या ऑगस्टमध्ये नोंदणी झाल्यावर लागोपाठ लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला लागली. तो शेअर निर्देशांकातून निघणार होता, म्हणून इंडेक्स फंडांना तो विकायचा होता, पण घेणारेच नव्हते. शेवटी तो काढण्याची तारीखच पुढे ढकलावी लागली.

आता इन्फर्मेशन रेशो. निर्देशांकापेक्षा मिळालेला जादा परतावा भागिले ट्रॅकिंग एरर, इतकेच त्याचे सूत्र. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने इक्विटी योजनांना हा आकडा जाहीर करायला सांगितले. मॅनेजर स्वतः शेअर निवडतो अशा सक्रिय फंडासाठी प्रश्न रास्त आहे: निर्देशांकाची वाट सोडण्याचा धोका पत्करून पदरात काय पडले? पण तोच आकडा इंडेक्स फंडाला लावला की निकाल उलटा लागतो. एक फंड वर्षाला ०.२० टक्के मागे आणि त्याची एरर ०.०२ टक्के: रेशो उणे १०. दुसरा एक टक्का मागे, एरर ०.५० टक्के: रेशो उणे २. उणे दोन हा उणे दहापेक्षा मोठा, म्हणून क्रमवारीत दुसरा फंड वर! अंश उणे असला की छेद जितका लहान, तितका निकाल वाईट दिसतो. फंड जितका नेमका, तितकी त्याला शिक्षा.

सक्रिय फंडातही घाई नको. दोन टक्के जादा परतावा आणि चार टक्के एरर, म्हणजे रेशो ०.५, हा चांगला मानतात. पण तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर म्हणायचे, तर रेशो गुणिले वर्षांचे वर्गमूळ हे सुमारे २ यायला हवे. म्हणजे सोळा वर्षे. तोवर फंड मॅनेजर त्याच खुर्चीत असेलच असे नाही. त्यामुळे एका वर्षाच्या रेशोवर मी तरी पैसे लावणार नाही.

इंडेक्स फंडासाठी हिशेब सोपा आहे. तीन-पाच वर्षांचा सरासरी वार्षिक ट्रॅकिंग डिफरन्स काढा आणि त्याच काळातल्या खर्चाच्या प्रमाणाशेजारी ठेवा. खर्च ०.२० टक्के आणि फरक ०.२२ असेल तर कारभार चोख आहे. खर्च तितकाच आणि फरक ०.४५ असेल, तर उरलेला पाव टक्का पडून राहिलेल्या रोकडीत, सौद्यांच्या खर्चात किंवा उशिरा केलेल्या खरेदीत गेलेला असतो. ट्रॅकिंग एररचा आकडा पाहायचा तो यानंतर.