लायकेन स्क्लेरोसस (भगाचा)

योनीच्या बाहेरील भागाच्या, म्हणजे भगाच्या, त्वचेचा हा दीर्घकालीन दाहजन्य विकार आहे. तो संसर्गजन्य नाही. रजोनिवृत्तीनंतर तो अधिक आढळतो, लहान मुलींनाही होतो, आणि काही रुग्णांत थायरॉइडचा स्वप्रतिकारजन्य आजारही सोबत असतो. मुख्य तक्रार खाजेची, तीही रात्री झोपमोड करणारी. ही खाज बुरशीचीच असणार असे धरून न तपासताच मलमे दिली जातात, आणि निदान लांबण्याचे हेच नेहमीचे कारण आहे.

साठीच्या एका स्त्रीचे नमुनादाखल उदाहरण घेऊ. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमाने तिला आठवडाभर बरे वाटते, कारण त्यात बुरशीनाशकासोबत स्टेरॉइडही असते. मलम थांबताच खाज परतते. चांगल्या उजेडात भगोष्ठ अलगद बाजूला करून पाहिल्यास त्वचा पांढरट, पातळ आणि चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. खाजवल्याने त्वचेखाली रक्ताचे ठिपके आणि बारीक चिरा पडलेल्या असतात. पांढरेपणा गुदद्वाराभोवतीही पसरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती होते, लघुभगोष्ठ विरून जातात आणि योनिमुख आकसते. कोडातही त्वचा पांढरी होते, पण तिचा पोत बदलत नाही. लायकेन प्लॅनस हा दुसरा दाहजन्य त्वचाविकार योनीच्या आतही पसरतो. लायकेन स्क्लेरोसस मात्र सहसा आत शिरत नाही.

चित्र स्पष्ट असेल तर बायॉप्सीवाचून उपचार सुरू करता येतात. जाड चट्टा, न भरणारी जखम, गाठ किंवा उपचारांना दाद न देणारा भाग असेल तर मात्र ती करावीच लागते, कारण उपचार न झालेल्या थोड्या रुग्णांत पुढे त्वचेचा कर्करोग उद्भवतो. जागा बधिर करून पंच नावाच्या गोल पात्याने सुमारे ४ मिलिमीटरचा तुकडा काढतात. आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर सूक्ष्मदर्शकाखालील खुणा पुसट होऊ शकतात, हे रोगनिदानतज्ज्ञाला कळवलेले बरे.

उपचारात क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के हे तीव्र स्टेरॉइड मलम प्रथम वापरतात. प्रचलित पद्धतीत ते चार आठवडे रोज रात्री, पुढचे चार आठवडे एक दिवसाआड आणि त्यानंतरचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा लावतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते. बारा आठवड्यांत पन्नासेक वेळा लावूनही पंचवीस ग्रॅमच लागतात, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते. ती महिनाभरात संपली तर प्रमाण जास्त होते आहे. वर्षभर तशीच राहिली तर बहुधा माहितीपत्रकातील ‘गुप्तांगावर लावू नये’ ही सूचना वाचून मलम बंद झालेले असते. खाज काही आठवड्यांत शमते आणि चिरा भरतात, मात्र विरलेले भगोष्ठ परत येत नाहीत. म्हणून खाज नसतानाही अनेकींना आठवड्यातून एक-दोनदा मलम चालू ठेवावे लागते, आणि त्वचेची तपासणी वर्षातून एकदा तरी करतात.