भोक असेल तर धागा उठतो

सोलापुरी चादरीवरच्या एका छोट्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ ठेवली होती. प्रत्येक पट्टीला ढीगभर भोकं आणि पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना ओवलेल्या. खाली माहितीची चिठ्ठी होती: ‘जॅकार्ड पुठ्ठे. साहित्य: पुठ्ठा, सुती दोरा. वस्त्रनिर्मितीतील आरेखन नियंत्रण प्रणालीचा घटक. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास विकसित.’ यातलं चुकीचं काहीच नाही. पण एका मुलीने चिठ्ठी वाचूनही आईला विचारलं, “हे उंदराने कुरतडलंय का?”

चिठ्ठी बदलायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या मसुद्यात मी सुया, धागे उचलणारे आकडे, पाती असं सगळं यंत्र ओतलं. उभ्याने कुणी ते पुरतं वाचेना. मग जोशात लिहिलं, ‘जगातला पहिला संगणक!’ वाचायला झकास, पण खोटं. हे पुठ्ठे आकडेमोड करत नाहीत. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी छिद्रित पुठ्ठ्यांची कल्पना इथून उचलली, एवढंच खरं.

वाट दाखवली ती आयुष्यभर माग चालवलेल्या एका मामांनी. काचेवर बोट ठेवून ते म्हणाले, “भोक असेल तर धागा उठतो. नसेल तर खालीच राहतो.”

सुई पुठ्ठ्यावर टेकते. भोक असेल तर आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या पात्यात अडकून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो. भोक नसेल तर सुई मागे रेटली जाते, आकडा पात्यातून सुटतो. मग उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांमधून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो. चिठ्ठीत मात्र मामांचंच वाक्य पुरेसं होतं. नवी चिठ्ठी अशी झाली:

‘या पट्ट्यांत चादरीवरचं फूल लिहिलेलं आहे. एक पट्टी म्हणजे विणीची एक ओळ. भोक असेल तिथे उभा धागा वर उठतो, नसेल तिथे खाली राहतो. शेजारच्या चादरीवरचं फूल बघा: ते याच माळेने विणलं आहे.’

मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, वीस सेकंदांच्या आत संपली. उरलेला वेळ वस्तू बघायला. शेवटचं वाक्य त्यासाठीच आहे, नजर कागदावरून चादरीकडे जावी म्हणून. साल आणि साहित्य बारीक अक्षरात तळाशी गेलं.

मग चाचणी. वाचून झालं की चिठ्ठी हाताने झाकायची आणि विचारायचं, “ही वस्तू काय करायची?” ‘समजलं का?’ असं विचारू नये, लोक भिडेखातर हो म्हणतात. बहुतेकांनी “भोकावरून फूल” अशा अर्थाचं सांगितलं. दोघे मात्र म्हणाले, “भोकातून धागा ओवतात.” तेव्हा ‘धागा पुठ्ठ्यातून जात नाही’ एवढे चार शब्द वाढवले.

एका आजोबांनी मात्र उलट मलाच विचारलं, “आणि एखादं भोक चुकलं तर?” माळ गोल फिरते, त्यामुळे तीच चूक प्रत्येक फेरीत, प्रत्येक फुलात त्याच जागी उमटते. हे चिठ्ठीत मावलं नाही. आता तशी एक चुकलेली चादर शोधतो आहे.